अण्णांच्या फोटोवरचा वॉटरमार्क कसा कापू? (पाय वाचवून!)

शलाका_हर्णै
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी अण्णांची पंचाहत्तरी आहे. वहिनीने मागच्या महिन्यात हर्णैच्या किनाऱ्यावर त्यांचा एक फोटो काढला, तो इतका छान आलाय की १८ × १२ इंचाची फ्रेम करून पडवीत लावायचं ठरलंय. ओहोटी आहे, अण्णा अनवाणी ओल्या वाळूत उभे, खांद्यावर जाळं, उजवीकडे आमची होडी आणि मागे लांब सुवर्णदुर्ग.

अडचण एकच. खाली डाव्या कोपऱ्यात फोनने स्वतःचं नाव, त्याखाली वहिनीचं नाव आणि तारीख छापून ठेवलीय. दोन ओळी, पांढरी अक्षरं. नुसतं खालून कापायला गेले तर अण्णांची बोटं जातात. फोटो जोडलाय. फोटो खराब न होता हे कसं काढू?

मालवणी_मसालो
अगो शलाका, ह्या कित्याक इतक्या टेन्शन? खालसून कापून टाक आणि मोकळी हो. पाय कोण बघता, तोंड बघतत!
गंमत सोडा. कापल्यावर डीपीआय कमी होतो, हे लक्षात ठेव. तुझ्या फाईलचा डीपीआय मी बघितला, ७२ दाखवतोय. त्यावर १८ इंची प्रिंट फाटणारच. आधी तो ३०० कर.

आज्जीचा_पेटारा
माझ्याकडेही अगदी हाच प्रश्न आहे! आमच्या आजोबांचा १९५०च्या सुमाराचा फोटो भिंतीला टेकून होता. पावसाळ्यात भिंतीची ओल लागून खालच्या कडेला पाण्याची तपकिरी रेघ उमटलीय. ती कात्रीने कापली तर चालेल का?

खाजणकाठ
पेटारावाले, तुमचा वॉटरमार्क खऱ्या पाण्याचा आहे, शलाकाचा फोनचा. तरी आधी तुम्हालाच सांगतो, कारण कात्री हातात असेल. कापू नका. फोटो आहे तसा, पांढऱ्या कडेसकट स्कॅन करा. कापायचं ते स्कॅनवर कापा, हवं तितक्यांदा. डागाची ती गडद रेघ म्हणजे पाणी जिथवर चढलं ती हद्द. तिच्या खालचा भाग नुसता पिवळट असतो, त्यात चित्र बहुतेक शाबूत असतं. ते कात्रीने गेलं की गेलं. आणि फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा.

आता शलाका. तू जोडलेली फाईल १६०० × १२०० आहे. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून उचललीस ना? १६०० पिक्सेल १८ इंचावर पसरले तर इंचाला ८९ येतात. पडवीत जवळून बघितल्यावर जाळ्याचे दोरे एकमेकांत मिसळलेले दिसतील. वहिनीच्या फोनमधली मूळ फाईल मागव, आणि फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. तोवर काहीही कापू नकोस.

मसालो, डीपीआयबद्दल अर्धं बरोबर. फाईलमध्ये लिहिलेला ७२ हा नुसता आकडा आहे, तो ३०० केल्याने एक पिक्सेलही वाढत नाही. कापल्यावर पिक्सेल कमी होतात हे खरं. म्हणून दरवेळी उरलेले पिक्सेल भागिले प्रिंटचे इंच एवढाच हिशोब करायचा. भिंतीवरच्या फ्रेमला इंचामागे २०० मिळाले तरी माझ्या मते भागतं. रत्नागिरीत पंचवीस वर्षं लॅब चालवली, एवढ्यावर कोणी परत आलं नाही.

शलाका_हर्णै
काका, अगदी बरोबर, ग्रुपवरूनच घेतला होता 🙈 मूळ फाईल आली. ४००० × ३०००. वहिनीच्या गॅलरीत वॉटरमार्क काढायची सोय आहे का तेही शोधलं, नाही. अक्षरं फोटोतच बसलीत. आता पुढे?

खाजणकाठ
आता मोजमाप. फोटो कोणत्याही एडिटरमध्ये उघड (गिंप फुकट आहे) आणि तीन आकडे सांग. एक, खालच्या कडेपासून अक्षरांचा सर्वांत वरचा टोक किती पिक्सेलवर. दोन, खालच्या कडेपासून अण्णांच्या पायाची बोटं किती वर. तीन, अक्षरं डाव्या कडेपासून कुठवर पोचतात.

शलाका_हर्णै
अक्षरांचं टोक २३२. बोटं ३००. अक्षरं डावीकडून ११०० पर्यंत जातात.

मालवणी_मसालो
मगे डावीकडसून काप मरे! पाय वाचले.

खाजणकाठ
डावीकडून ११०० म्हणजे फोटोचा पाव भाग उडाला, आणि बहुधा सुवर्णदुर्गही. खालून फार तर अडीचशे रांगा जातील. खालूनच.

पण किती, ते बघू. फ्रेम १८ × १२, म्हणजे दीडास एक. फोटो ४००० × ३०००, म्हणजे चारास तीन. तू काही केलं नाहीस तरी लॅबवाला ४००० × २६६७ करणार, ३३३ रांगा कुठूनतरी जाणारच. तेव्हा ज्या जायच्याच आहेत त्या वॉटरमार्कवर खर्च करायच्या. सगळ्याच्या सगळ्या खालून घेतल्या तर बोटं जातात, ती तीनशेवर आहेत. म्हणून खालून २५० आणि उरलेल्या ८३ वरून, आभाळातून.

२३२ वर अक्षर संपतं तर २३२ वरच का कापायचं नाही? जेपीजी फोटो छोट्या चौकोनांत साठवतो. अक्षराची कड ज्या चौकोनात पडते, त्या सगळ्या चौकोनात तिचा मळ पसरतो, वाळूवर पांढुरके ठिपके दिसतात. रंगाच्या बाबतीत तो चौकोन बहुतेक १६ पिक्सेलचा असतो. म्हणून १६ सोडून कापायचं. २४८, धरा २५०.

कापून झाल्यावर कड चारशे टक्के मोठी करून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकव. अक्षरांच्या जागी वाळू जरा जास्त उजळ किंवा खरखरीत वाटली तर अजून थोडं काप.

शलाका_हर्णै
केलं. वॉटरमार्क गेला, पाय वाचले! ४००० × २६६७. 🎉

खाजणकाठ
थांब, फटाके नको. बोटांखाली ५० पिक्सेल उरले. १८ इंचाला ४००० म्हणजे इंचाला २२२. पन्नास पिक्सेल म्हणजे पाऊण सेंटिमीटरही नाही, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. आणि फ्रेमची लाकडी पट्टी आतून चारही बाजूंनी साधारण तेवढंच झाकते. म्हणजे अण्णा चौकटीवर उभे असल्यासारखे दिसतील, नाहीतर बोटं पट्टीखाली जातील. स्क्रीनवर हे कळतच नाही, घरी टांगल्यावर कळतं.

तळकोकण
काकांना +१. आमच्या लग्नाच्या फ्रेममध्ये सासूबाईंचे जोडवे असेच गेलेत. दहा वर्षं ऐकतोय.

मालवणी_मसालो
माका वाटता कापूचाच नाय. शलाकाने जो कोपरा टाकला होता त्याच्यावर मी हील टूल फिरवलं, दहा मिनिटं लागली. बघा. वॉटरमार्क गेला, ४००० × ३००० तसाच, पायाखाली ढीगभर वाळू. (चित्र जोडलंय)

शलाका_हर्णै
अय्या, हे तर मस्तच दिसतंय!

खाजणकाठ
मसालो, हात चांगला आहे, खोटं नाही सांगत. फोनवर मलाही कळलं नाही. मोठ्या स्क्रीनवर बघितलं. डावीकडून पाचशेच्या आसपास एक फुटका शिंपला आहे, तोच शिंपला तसाच फुटलेला पुन्हा आठशेवर आहे. आणि ओहोटीच्या पाण्याने वाळूवर ज्या बारीक लाटा उठल्यात, त्या तुझ्या पट्ट्यात एकदम सपाट होतात आणि पुढे पुन्हा सुरू होतात. कोरडी वाळू असती तर खपलं असतं. ओल्या वाळूला वळण असतं, ते तुटलं की डोळा तिथेच जातो.

मालवणी_मसालो
शिंपलो जुळो होतो, मी काय करू 😄
पण खरं सांगा, पडवीत फ्रेमसमोर उभं राहून शिंपले कोण मोजणार? पाहुणे अण्णांचं तोंड बघणार. माझ्या मते अर्धवट पाय किंवा आवळलेली फ्रेम यापेक्षा हे बरं.

खाजणकाठ
शिंपला शलाका मोजेल, रोज. आता तिला माहीत झालंय ना. 🙂 पण हा ज्याच्या त्याच्या मनाचा भाग, मी हटून बसणार नाही.

मला सुचतो तो तिसरा रस्ता. दीडास एक हे प्रमाण *कागदाचं* आहे, फोटोचं तेच असलं पाहिजे असं नाही. आभाळातलं काही कापू नको. फक्त खालून २५०. उरले ४००० × २७५०. इंचाला २५० धरले तर हा फोटो बरोबर १६ × ११ इंच होतो. तो १८ × १२ च्या पांढऱ्या कागदावर मधोमध ठेवायचा. डाव्या-उजव्या बाजूला एकेक इंच पांढरं, वर-खाली अर्धा अर्धा इंच. फ्रेमची पट्टी त्या पांढऱ्याला झाकेल, अण्णांच्या बोटांखालची ५० पिक्सेल वाळू पूर्ण दिसेल.

ही पांढरी कड लॅबला घालायला सांगू नको, तूच घाल. गिंपमध्ये कॅनव्हास ४५०० × ३००० कर, फोटो मध्यावर ठेव, मागे पांढरा रंग भर आणि तशीच फाईल दे. मग ती फाईल आधीच १८ × १२ असते, लॅबच्या मशीनला कापायला काही उरत नाही. नुसता ४००० × २७५० दिलास तर तिथला मुलगा सवयीने ‘फिल’ दाबतो, मशीन कागद भरून काढतं आणि पुन्हा पायावर येतं.

वेळणेश्वरकर
धाग्यात घुसतो, माफ करा. माझं वेगळंच आहे. आमच्या होमस्टेचे ६१ फोटो पुतण्याने काढले. त्याच्या फोनने वॉटरमार्क फोटोवर न छापता फोटोच्या *खाली* पांढरी पट्टी जोडलीय, त्यावर फोनचं नाव आणि लेन्सचे आकडे. आडव्या फाईली ४००० × ३३८० आहेत. म्हणजे फोटो अख्खा आहे, नुसती ३८० ची पट्टी उडवायची. एकेक उघडून ६१ वेळा करायचं आणि दरवेळी सेव्ह करताना क्वालिटी घालवायची, हे नको वाटतं.

खाजणकाठ
वेळणेश्वरकर, तुम्ही नशीबवान. तुमच्या फोटोतलं काहीच जात नाही. jpegtran नावाचं छोटं साधन आहे. ते फोटो उघडून पुन्हा दाबत नाही, नको असलेले चौकोन नुसते वगळतं. वरचा-डावा कोपरा तसाच राहत असेल तर खालून-उजवीकडून कापायला त्याला काही अडचण नसते. आणि पट्टी खालीच आहे.

वेळणेश्वरकर
कॉम्प्युटरवाल्या भाच्याकडून करून घेतलं. ४००० × ३००० ठेवले. पट्टी गेली, पण अगदी खालच्या कडेला बारीक फिक्कट रेघ राहिलीय. अंगणातल्या लाल चिऱ्याच्या फरशीवर तर अगदी उठून दिसते, जणू कडेचा रंग धुऊन निघालाय. फोटो तर ३००० वरच संपतो ना? पुतण्याच्या फोनचा दोष म्हणायचा का?

खाजणकाठ
फोनचा नाही, मी नीट सांगितलं नाही. रंगाचे चौकोन १६ चे, मघाशी म्हटलं तसे. ३००० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, अर्धा उरतो, १८७.५. म्हणजे रंगाची शेवटची ओळ २९९२ ते ३००८, अर्धी तुमच्या चिऱ्यात आणि अर्धी पांढऱ्या पट्टीत. दोघांचा रंग एकाच चौकोनात साठवला गेला, म्हणून चिरा फिका पडला. २९९२ वर कापा. आठ रांगा जातील, रेघ जाईल. मूळ फाईलींवरूनच करा, कापलेल्यांवरून नाही.

```
mkdir kaplele
for f in *.jpg; do
  jpegtran -copy all -crop 4000x2992+0+0 -outfile "kaplele/$f" "$f"
done
```

उभे फोटो आधी वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, त्यांचे आकडे वेगळे.

वेळणेश्वरकर
गेली! चिरा पुन्हा लाल. पण आता भलतंच. फोल्डरमध्ये छोटी चित्रं दिसतात त्यांत पट्टी अजून आहे. फोटो उघडला की नाही. भाचा म्हणतो भूत आहे.

खाजणकाठ
भूत फाईलमध्येच आहे. कॅमेरा फोटोच्या माहितीबरोबर एक चिमुकली प्रत साठवतो, `-copy all` ने ती जुनीच उचलली. ही काढून टाका:

```
exiftool -ThumbnailImage= kaplele/*.jpg
```

हे नुसतं दिसण्यापुरतं नाही बरं का. कोणी फोटोतून घरचा माणूस किंवा गाडीचा नंबर कापतो आणि फाईल दुसऱ्याला देतो, तेव्हा आतल्या छोट्या प्रतीत तो माणूस तसाच उभा असतो. ही प्रत इतकी लहान असते की नंबर वाचता येईलच असं नाही, पण माणूस ओळखू येतो.

वेळणेश्वरकर
धन्यवाद काका, वेळणेश्वराला आलात की आंबोळ्या आमच्याकडे. एक शेवटचं. संकेतस्थळासाठी संध्याकाळच्या समुद्राचा एक भारी फोटो नेटवर मिळालाय, आमच्याच किनाऱ्याचा. कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आहे. तोही याच पद्धतीने कापू ना?

तळकोकण
नाही हो. पुतण्याच्या फोनने फुकट चिकटवलेलं नाव वेगळं आणि ज्याने फोटो काढला त्याने घातलेलं स्वतःचं नाव वेगळं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ च्या दुरुस्तीने अशी नाव-हक्काची माहिती मुद्दाम काढून टाकणं हा गुन्हा झालाय, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि नाव न कापताही तो फोटो न विचारता धंद्याला वापरता येत नाही. माणूस तुमच्याच किनाऱ्यावर येतो, विचारा ना त्याला.

वेळणेश्वरकर
बरं झालं विचारलं. मग आमच्या वास्तुशांतीचे फोटो? पैसे देऊन काढून घेतले, प्रत्येकावर फोटोवाल्याने दुकानाचं नाव ठोकलंय.

तळकोकण
पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचे हक्क वेगळा करार नसेल तर सहसा तुमचे. पण नाव काढायचं की नाही यावर वकीलमित्रांतच दोन मतं ऐकलीत. सरळ त्याच्याकडे बिननावाच्या प्रती मागा. बहुतेक जण देतात.

खाजणकाठ
आम्ही द्यायचो. चहा पाजला की लवकर.

आज्जीचा_पेटारा
काका, काचेसकट स्कॅन केला. कडेने एक काळी सावली आली आहे ती कशाची?

खाजणकाठ
काचेमुळे फोटो स्कॅनरला टेकला नाही, आणि झाकणही वर राहिलं असेल. वरून काळं कापड टाका आणि खोली अंधारी करून पुन्हा बघा. तरी राहिली तर सावली फोटोच्या पांढऱ्या कडेवर आहे तोवर सोडून द्या, ती कड शेवटी कापायचीच आहे. चेहऱ्यावर काचेची चमक येत असेल तर मात्र स्कॅनर सोडा, खिडकीशी तिरप्या उजेडात कॅमेऱ्याने काढा.

शलाका_हर्णै
मी परत आले! तिसरा रस्ता घेतला. पण दादाने एक काढलं: समुद्र उजवीकडे उतरतोय. मी मोजलं, साधारण अर्धा अंश. आता सरळ केला तर पुन्हा कोपरे कापले जाऊन पायावर येईल का?

खाजणकाठ
दादाची नजर चांगली, माझी चुकली. हे आधी बघायला हवं होतं, सरळ करणं नेहमी कापण्याच्या *आधी*. मूळ ४००० × ३००० वर परत जा.

पायाची काळजी नको. फोटो मध्यावर फिरतो. समुद्र उजवीकडे उतरतोय म्हणजे उजवी बाजू उचलायची, डावी खाली जाणार. अर्ध्या अंशाला प्रत्येक टोक सतराएक पिक्सेल हलतं. खाली उजव्या कोपऱ्यात रिकामी पाचर पडेल, पण ती तुझ्या कापायच्या २५० मध्येच आहे. अक्षरं डावीकडे आहेत, ती उलट थोडी खाली सरकतील, म्हणजे फायदाच. अण्णा मध्याच्या जवळ आहेत, त्यांची बोटं जेमतेम हलतील. वरून वीस आणि दोन्ही बाजूंनी वीस-वीस काप. ३९६० × २७३० उरेल, पांढरी कड किंचित वाढेल, कोणाला कळणार नाही.

फिरवल्यावर फाईल नव्याने सेव्ह करावीच लागते, इथे jpegtran चा उपयोग नाही. सगळं एका दमात करून एकदाच सेव्ह कर, क्वालिटी ९५ ठेव.

मालवणी_मसालो
बघ शलाका, माझ्या शिंपल्याक ह्या काय लागला नसता 😏

शलाका_हर्णै
झालं! प्रिंट हातात आहे. लॅबवाल्याने खरंच विचारलं, “ही पांढरी जागा भरून देऊ का?” नको म्हटलं. मग दापोलीला फ्रेमवाल्याकडे गेले, तर त्याने पट्टी हातात घेऊन कटर काढला आणि म्हणाला, “ताई, एवढं पांढरं वाया, कापून फोटो काठोकाठ बसवतो.” मी जवळजवळ ओरडलेच.

खाजणकाठ
ते सांगायचं राहिलंच माझं. मागच्या बाजूला पेन्सिलने ‘कापू नये’ लिहून देत जा.

शलाका_हर्णै
फ्रेम पडवीत लागली. अण्णा बराच वेळ बघत होते. मला वाटलं पाय बघतायत. मग म्हणाले, “नांगर कुठं टाकला होता रे तेव्हा, दोर दिसत नाही.” दोर डाव्या कोपऱ्यात होता, अक्षरांच्या खाली.

मालवणी_मसालो
अक्षरांखाली होता म्हणजे हील टूलनेही नसता आला. ह्या एकात आपण दोघंय हरलो, काकानू.